दुकानाचा सरासरी आकडा फसवतो, माल गटागटाने मोजा

यवतमाळकडच्या एका बाजारगावातलं कपड्याचं दुकान धरा. शिल्लक माल 9 लाखांचा, वर्षभरात विकलेल्या मालाची खरेदी किंमत 18 लाख. शिल्लक भागिले विक्री, गुणिले 365, म्हणजे हा माल विकून संपायला साधारण 182 दिवस. मालक म्हणेल, ठीकच आहे की!

आता तेच गटवार काढा. साड्या 3 लाख शिल्लक, 9 लाखांची विक्री: 122 दिवस. लहान मुलांचे कपडे 1 लाख आणि 6 लाख: 61 दिवस. पँट-शर्टपीस 5 लाख आणि 3 लाख: तब्बल 608 दिवस. अर्ध्याहून जास्त पैसा पीसच्या ताग्यांत अडकलाय आणि मुलांच्या कपड्यांचे साइज मात्र दर आठवड्याला संपतायत.

दोन्ही आकडे खरेदी किमतीतच घ्या. विक्रीला एमआरपी लावली की दिवस उगाच कमी दिसतात.

मोजायची वेळही बघा. आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडतात, त्यामुळे मे महिन्यात गणवेशाचा ढीग दिसणारच. तो पडीक माल नाही. कापसाचा पैसा हाती येतो दिवाळीच्या आसपास, लग्नसराई त्यानंतर. म्हणून महिनाअखेरच्या बारा शिलकांची सरासरी घ्या.

608 दिवसांचा अर्थ सगळेच पीस पडीक असाही नाही. ताग्याच्या चिठ्ठीवर खरेदीचा महिना लिहा. दिवाळी आणि लग्नसराई दोन्ही पाहूनही जो तागा उलगडला नाही, घडीवर ज्याचा रंग उडालाय, तो आधी खरेदी किमतीत काढा. त्या गटाची नवी ऑर्डर तोवर बंद.