फेटा बांधताना या चुका टाळा

लग्नसराईत फेटे बांधू लागल्याला मला बरीच वर्षे झाली, तरी एक तक्रार दरवर्षी कानावर येतेच: वरात मांडवापर्यंत पोहोचायच्या आत फेटा कानावर उतरला. दोष बांधणाऱ्याच्या हाताला दिला जातो. माझ्या अनुभवात मात्र असे निम्मे फेटे कापड विकत घेतानाच बिघडलेले असतात.

फेट्याचे कापड साधारण एक मीटर रुंद आणि आठ ते नऊ मीटर लांब असावे. एका लग्नात वरपक्षाने स्वस्तात मिळाले म्हणून चाळीस फेटे परस्पर आणून ठेवले होते. उघडून पाहिले तर प्रत्येक कापड जेमतेम पाच मीटरचे आणि तेही गुळगुळीत साटीनचे. डोक्याचा घेर ५६ सेंटीमीटर असला, तरी थरावर थर चढत गेल्याने आणि विळखा तिरका जात असल्याने एका विळख्याला सरासरी ७० सेंटीमीटर कापड लागते. पाठीवर रुळणाऱ्या शेमल्यासाठी एक मीटर आणि तुऱ्यासाठी ६० सेंटीमीटर बाजूला काढले, की पाच मीटरांतून ३.४ मीटर उरतात, म्हणजे पाच विळखेही पुरे होत नाहीत. आठ मीटरांत ते नऊ होतात, आणि फेटा डोक्यावर टिकतो तो विळख्यांनी एकमेकांना दाबून धरल्यामुळे. मी हे सांगितले, तरी घाई असल्याने पहिले सहा फेटे तसेच बांधावे लागले, आणि लेझीम सुरू होताच त्यांतले चार सुटले. शेवटी दोन-दोन कापडे टोकाला टोक जोडून शिवून घेतली, शिवण मधल्या विळख्यांत लपेल अशी ठेवली आणि वीसच फेटे बांधले. उरलेल्या पाहुण्यांची नाराजी मला पत्करावी लागली, पण पुढे एकही फेटा सुटला नाही.

साटीन घ्यावेच लागले, तर आत सुती टोपी घालावी. सुती कापड नवे असेल, तर एकदा धुऊन, हलकी खळ देऊन मगच वापरावे.

दुसरी चूक पहिल्या दोन विळख्यांत होते, आणि नवशिके तिथेच सर्वांत जास्त घाई करतात, कारण त्यांचे लक्ष तुऱ्याकडे लागलेले असते. आधी दोघांनी कापडाची दोन टोके धरून ते लांबीभर ताणावे आणि रुंदीत सारख्या चुण्या घालून चार बोटांची पट्टी करावी. एकट्याने मांडीवर गोळा केलेल्या चुण्या तिसऱ्या विळख्यालाच विसकटतात. पहिला विळखा भुवयांच्या दोन बोटे वर आणि मागे डोक्याच्या फुगवट्याखाली बसला पाहिजे. तो फुगवट्यावरून गेला, तर वरचा सगळा भार मागे घसरत राहतो. त्यानंतर एक विळखा उजवीकडून चढता, दुसरा डावीकडून चढता घ्यावा, म्हणजे कपाळावर थरांचा कोन उमटतो आणि प्रत्येक थर खालच्याला अडकवतो. सगळे विळखे एकाच दिशेने तिरपे घेतले, तर फेटा फिरकीसारखा उकलत जातो. कोल्हापुरी पद्धतीत पट्टीला पीळ देतात, पण तो विळखा घेतानाच थोडा थोडा द्यावा. आधीच पिळून ठेवलेले कापड दोरखंडासारखे होऊन कपाळाला टोचते. ताण किती असावा, याची माझी खूण साधी आहे: कपाळ आणि कापड यांच्यामध्ये एक बोट अडखळत शिरले पाहिजे. सहज शिरले तर फेटा सैल आहे, शिरलेच नाही तर तासाभरात डोके दुखू लागते.

कानशिलाजवळ टाचणी लावू नये. सैल फेटा टाचणीने सावरण्याची सवय मला मुळीच मान्य नाही. तो सोडून पुन्हा बांधावा, त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

प्रसंग न विचारता बांधणे हीदेखील चूकच आहे. नवरदेवाच्या कपाळावर मुंडावळ्या यायच्या असतात, म्हणून त्याचा फेटा नेहमीपेक्षा एक बोट वर आणि पुढून सपाट ठेवावा लागतो. शोभायात्रेत नाचणाऱ्याचा शेमला कमरेपर्यंत सोडला, तर तो कोणाच्या तरी हातात अडकतो, वीतभर पुरे. तिथे वाचलेले कापड एका जादा विळख्यात घालावे.

पुणेरी पगडी मात्र वेगळी गोष्ट आहे. तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती डोक्यावर विळखे घेऊन बांधत नाहीत, तर तयार घडवलेलीच चढवतात. सत्कारासाठी अंदाजाने आणलेली पगडी घट्ट झाली, तर ती आतून उसवून सैल करण्याचा प्रयत्न करू नये, कारण तिचा घाट मोडतो. ज्यांचा सत्कार आहे, त्यांच्या कपाळावरून कानांच्या वरून टेप फिरवून घेर आधीच घ्यावा आणि तो सांगूनच पगडी मागवावी.