तिरप्या डंबेलचं गणित: या चुका टाळा

दादरला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवताना हे गणित मी दरवर्षी देतो. उभी आस, ती वर आणि खाली एकेका बेअरिंगमध्ये बसवलेली. आसेच्या मध्यावर वजन नगण्य असलेली ४० सेंमीची दांडी, तिच्या दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा किलोचे गोळे. दांडी आसेशी θ = ६०° चा कोन करते आणि मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे ω = ३१.४ रेडियन प्रति सेकंद. बेअरिंगवर आडवा जोर किती?

बहुतेक जण लिहितात, शून्य. वेग स्थिर आहे, गुरुत्वमध्य आसेवरच आहे, मग टॉर्क कशाला लागेल?

चूक कोनीय संवेगाच्या L = Iω या सूत्रात आहे. त्यात I ही साधी संख्या धरली की L आपोआप आसेच्या दिशेने जातो. त्याऐवजी प्रत्येक गोळ्याचा r × mv काढा. L दांडीला काटकोनात येतो, म्हणजे आसेपासून ३०° कललेला. a म्हणजे अर्धी दांडी, २० सेंमी, धरली तर त्याचं मान 2ma²ω sinθ, इथे सुमारे १.०९ किग्रॅ·मी²/से. दांडी फिरते तसा हा L आसेभोवती शंकू काढत फिरतो. लांबी तीच, दिशा मात्र क्षणोक्षणी बदलते. आणि दिशा बदलायलाही टॉर्क लागतोच.

तो τ = ω × L, म्हणजे 2ma²ω² sinθ cosθ. इथे १७.१ न्यूटन-मीटर.

सूत्रावर विश्वास बसत नसेल तर दांडीसोबत फिरत बघा. प्रत्येक गोळा ८५.५ न्यूटनने बाहेर ओढला जातो. दोन्ही ओढी समान आणि विरुद्ध, पण एका रेषेत नाहीत. त्यांच्यात २० सेंमी उंचीचा फरक आहे. त्यामुळे दांडी आडवी व्हायला बघते आणि आस तिला अडवते. ८५.५ × ०.२, पुन्हा १७.१. मला हा पडताळा फार आवडतो, कारण टॉर्क कुठून आला ते यात डोळ्यांना दिसतं.

बेअरिंगमध्ये ३० सेंमी अंतर असेल तर प्रत्येकावर ५७ न्यूटन आडवा जोर, वर एका बाजूला, खाली उलट बाजूला, आणि तो सेकंदाला ५ वेळा फिरणारा. वेग दुप्पट केला की चौपट.

दुसरी चूक म्हणजे हा टॉर्क मोटर देते असं धरणं. तो ω ला काटकोनात आहे, म्हणून काम शून्य. घर्षण सोडलं तर मोटरला काहीच करावं लागत नाही, सगळा भार बेअरिंगवर. म्हणून मोटरचा करंट बघून हा दोष सापडेल अशी आशा ठेवू नका.

स्थिर तपासणीतही तो सापडत नाही. आस आडवी धरली तर डंबेल कुठल्याही स्थितीत शांत राहतं. हादरे फिरवल्यावरच येतात. कुर्ल्याच्या गॅरेजात चाक यंत्रावर फिरवून रिमच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही कडांना वजनं लावतात, ते याचसाठी. एकाच कडेला वजन लावून गुरुत्वमध्य आसेवर आणता येतो, पण हा कललेला L सरळ होईलच असं नाही.

एक बारीकशी गोष्ट: θ आसेपासून मोजलाय का, ते आधी बघा. लंबापासून मोजला तर टॉर्कचं उत्तर तेच येतं, कारण sin आणि cos नुसते जागा बदलतात. L मात्र चुकतो, आणि ती चूक शेवटपर्यंत लक्षात येत नाही.