बिडाचा तवा घावनासाठी कसा तयार करावा

घावनासाठी तवा कुठला घ्यावा, असं विचारलं की सगळे आधी कंपन्यांची नावं सांगतात. खरं तर आधी धातू ठरवायला हवा. नॉन-स्टिकवर पहिल्या दिवसापासून घावन सुटतं, पण त्यावरचा टेफ्लॉनचा थर २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो. म्हणून तो मोठ्या आचेवर रिकामा तापवता येत नाही, आणि तवा चांगला तापल्याशिवाय घावनाला जाळी पडत नाही. स्टीलला पातळ पीठ हमखास धरतं. ट्रिप्लाय स्टील कोकम-चिंचेच्या आमटीसाठी घ्या, त्याला तोड नाही. बीड सावकाश तापतं, पण जाड असल्यामुळे वरून गार पीठ पडलं तरी उष्णता धरून ठेवतं. घावन आणि डोशासाठी मी बिडाशिवाय दुसरं काही सुचवणार नाही.

कंपनीने फरक पडतो तो मुख्यतः घडाईत. अमेरिकेतली लॉज ही कंपनी १८९६ पासून बिडाची भांडी ओतते आणि त्यावर सोयाबीन तेलाचा थर भाजूनच विकते. आपल्याकडे इंडस व्हॅली, मेयर यांचे तयार तवे मिळतात. बाजारातला साधा तवाही चालतो. फक्त बूड सपाट आहे ना आणि हात फिरवल्यावर पृष्ठभाग खरखरीत लागत नाही ना, ते बघा. ल क्रूझे या फ्रेंच कंपनीच्या भांड्यांवर मिन्याचा थर असतो, त्यामुळे तेलाचा थर बसवायची पुढची खटपट त्यांना लागू नाही.

नवा तवा साबण आणि काथ्याने घासा, लगेच पुसा आणि गॅसवर पूर्ण कोरडा करा.

आता तेल. बहुतेक तवे इथेच बिघडतात. माझा पहिला तवा मी दुकानदाराच्या सल्ल्याने खोबरेल तेलाने माखून रात्रभर ठेवला आणि सकाळी तापवला. त्यावर तपकिरी, चिकट थर बसला, माशा पकडायच्या कागदासारखा. त्यावर टाकलेलं घावन मी खरवडून काढलं. दोन चुका झाल्या होत्या. पहिली तेलाची. तापल्यावर तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून कडक थर बनतो, तोच आपल्याला हवा असतो. खोबरेल तेल तसं गुंफलं जात नाही, सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं जातं. जवसाच्या तेलाचं कौतुक फार ऐकाल, पण त्याचा थर ठिसूळ असतो आणि पुढे पापुद्रे सुटतात. घावन करताना खोबरेल खुशाल लावा, थर बसवताना नको.

दुसरी चूक जास्त महागात पडते: तेल जास्त होणं. तवा हाताला गरम लागेल इतका तापवा, अर्धा चमचा तेल दोन्ही बाजूंना चोळा आणि मग कोरड्या सुती फडक्याने असं पुसा की जणू तेल चुकून लागलं होतं. दुसरं फडकं घेऊन पुन्हा पुसा. तवा ओला चमकता कामा नये, नुसता गडद दिसायला हवा. मनाला पटत नाही, एवढ्याशा तेलाने काय होणार असं वाटतं, तरीही पुसा.

मग ओटीजीमध्ये २३० अंशांवर तासभर पालथा ठेवा आणि आतच गार होऊ द्या. ओटीजी नसेल तर मध्यम आचेवर, खिडकी उघडून, धूर यायचा थांबेपर्यंत तापवा. बिडात उष्णता लवकर पसरत नाही, म्हणून तवा दर दोन-तीन मिनिटांनी सरकवत राहा. नाहीतर मध्यभाग काळा होतो आणि कडा कोऱ्या राहतात. हे सगळं तीन-चार वेळा करा. गार तव्यावर बोट फिरवा. बोट अडखळलं तर तेल जास्त झालंय. ते वर आणखी तेल लावून सुधारत नाही. पुन्हा तासभर भाजा, तरी चिकटच राहिलं तर घासून काढा आणि नव्याने सुरू करा.

घावन घालताना तवा सावकाश दहा मिनिटं तापू द्या. पाण्याचे थेंब टाका. ते जागच्या जागी आटले तर तवा अजून थंड आहे, गोळ्या होऊन पळायला लागले की तयार. अर्ध्या कांद्याने तेल फिरवा आणि पीठ कडेकडून ओता. कडा आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावू नका. पहिली दोन-तीन घावनं फाटली तर तवा बदलायची गरज नाही.

नंतर गरम तव्यावर गार पाणी ओतू नका, बीड तडकतं. भांडी घासायच्या साबणाने बसलेला थर जात नाही, पण तारेच्या घासणीने जातो. कोकम, टोमॅटो, चिंच यांचंही तसंच: थर जातो आणि पदार्थाला लोखंडी चव येते. चिंच कापून तशीच ठेवलेली विळी गंजते, तसाच ओला तवाही रात्रीत गंजतो. तेव्हा धुतल्यावर गॅसवर कोरडा करा आणि तेलाचं बोट पुसून ठेवा.