आरओचं पाणी हळू येऊन राहिलं तर आधी हे बघा

जुलैत आमच्या आरओची टाकी भरायला दुप्पट वेळ लागायला लागला, तर मेकॅनिक आला न थेट म्हणे मेम्ब्रेन गेला, बदला. मी म्हटलं थांब भाऊ, आधी टीडीएस मीटर लावू. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, नळाला ४२० आलं आणि आरओतून ४० च, म्हणजे मेम्ब्रेन तर मस्त काम करून राहिला होता. मग बाहेरचा प्री-फिल्टर उघडला तर आतली पांढरी कॅण्डल चहासारखी तपकिरी, हात लावला तर गाळ चिकट. ती बदलली न पाणी पहिल्यासारखं.

म्हणून आधी कॅण्डल बघा. ती बदलूनही पाणी हळूच असेल किंवा आरओचं टीडीएस दर महिन्याला चढत असेल, तर मग मेम्ब्रेनचं बघा, पण टीडीएसचा स्क्रू कोणी फिरवला असेल तरी आकडा वाढतो बरं. कार्बन फिल्टर मात्र मीटरला कळत नाही, तो कंपनीने सांगितलेल्या मुदतीतच बदलायचा.

टाकी धुताना प्लग काढा, साबण नको, स्वच्छ मऊ कापडाने पुसा आणि पहिली भरलेली टाकी कुंड्यांना टाका.