अनोळखी खरेदी अधिकाऱ्याला पहिला ईमेल: विषयाची ओळ

भोसरीतील एखादा कारखानदार चाकणच्या कंपनीतील अनोळखी खरेदी अधिकाऱ्याला ईमेल पाठवताना विषयात ‘उत्तम दर्जा, सर्वात कमी दर!!!’ असे लिहितो, तेव्हा ती ओळ कोणालाही पाठवता आली असती हे वाचणाऱ्याला लगेच कळते. त्याऐवजी ‘चाकण प्लांटसाठी वेल्डिंग फिक्स्चर: १० दिवसांत नमुना’ असे लिहावे, मोबाइलवर ओळीचा शेवट बहुधा कापला जातो, म्हणून ज्याच्यासाठी काम आहे त्याचे नाव आरंभीच यावे.

पूर्वी पत्रव्यवहार झालेला नसताना विषयाला ‘Re:’ जोडणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्याने ईमेल उघडला जाईलही, पण फसवले गेल्याचे लक्षात येताच वाचणारा तो स्पॅम म्हणून नोंदवू शकतो, आणि अशा तक्रारी वाढल्या की तुमच्या डोमेनवरून जाणारी पुढची साधी कोटेशनेही स्पॅममध्ये पडू लागतात.

‘फ्री’सारख्या एकट्या शब्दामुळे ईमेल स्पॅममध्ये जाईल म्हणून लोक उगाच घाबरतात, स्पॅम फिल्टर पाठवणाऱ्याची पत अधिक पाहतो. कंपनीच्या डोमेनवरून स्वतःच्याच जीमेल खात्यावर एक ईमेल पाठवून ‘Show original’ उघडावे आणि ईमेल खरोखर तुमच्या डोमेनवरूनच आला हे पडताळणाऱ्या SPF, DKIM व DMARC या तपासण्यांपुढे ‘PASS’ दिसते का, हे आधी पाहावे. ते दिसत नसेल, तर विषयाची ओळ कितीही सुधारली तरी फारसा उपयोग होत नाही.