साहेबांच्या बदलीच्या निरोपाला बोलताय? या चुका टाळा

राज्य शासनाच्या सर्वसाधारण बदल्या 2005 च्या बदली अधिनियमानुसार एप्रिल-मेमध्ये होतात. त्यामुळे तहसील कचेरीत निरोप समारंभ बहुधा उन्हाळ्यातच येतो. शाल, श्रीफळ, गुच्छ ठरलेले असतात आणि आयत्या वेळी कुणीतरी म्हणतं, "नवीन मुलांपैकी एकानं बोला." नव्यानं लागलेल्या महसूल सहायकाच्या हातात माईक येतो. मग भाषण फसतं ते बहुतेक वेळा ठरावीक जागीच.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बदलीच्या कार्यक्रमात सेवानिवृत्तीचं भाषण करणं. "पुढील आयुष्य सुखासमाधानाचं जावो, उत्तम आरोग्य लाभो" हे ऐकताना साहेब कसंनुसं हसतात, कारण त्यांना लगेचच दुसऱ्या तालुक्यात रुजू व्हायचं असतं. शुभेच्छा कामाच्या द्याव्यात: नवं ठिकाण, नवा पदभार, मुलांच्या शाळेची नीट सोय. साहेब आणखी बरीच वर्षं नोकरीत आहेत हे ध्यानात ठेवून बोललं, की सूर आपोआप हलका राहतो.

दुसरी चूक विशेषणांची. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, शिस्तप्रिय, अजातशत्रू हे शब्द सूत्रसंचालकानं आधीच वापरलेले असतात. शिवाय कनिष्ठानं वरिष्ठाला प्रमाणपत्र दिल्यासारखं वाटतं, ते वेगळंच. साहेबांची कारकीर्द सांगणं हे नायब तहसीलदारांचं काम. तुम्ही त्यांच्या हाताखाली काय शिकलात, ते फक्त तुम्हीच सांगू शकता. म्हणून एकच प्रसंग घ्या आणि तो नीट सांगा.

विनोदात मात्र खरी जोखीम आहे. साहेबांचा राग, वजन, जेवण, घरचं माणूस, जात, गाव यांच्या वाटेला जाऊ नये. कचेरीत चहाच्या वेळी चालणारी नक्कल तर मुळीच नको. समोर वहिनी आणि मुलं बसलेली असतात. विनोद साहेबांच्या कामाच्या सवयीवर असावा आणि त्याच सवयीतून पुढच्या वाक्यात त्यांचा चांगुलपणा दिसावा. उदाहरणार्थ, "साहेब फार चिडायचे, आम्ही थरथर कापायचो" यावर सभागृह हसेल, पण साहेबांच्या मनात तेच राहील. त्याऐवजी असं बोलता येईल:

"साहेबांनी फायलीवर 'चर्चा करा' असा शेरा मारला, की आम्ही आधी डबा खाऊन घ्यायचो. चर्चा किती वेळ चालेल, याचा नेम नसायचा. अशाच एका चर्चेत एका आजींच्या सातबाऱ्यावर नावातलं एक अक्षर चुकलेलं सापडलं. साहेबांनी जमीन महसूल संहितेचं कलम 155 माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. लेखनातली चूक कशी दुरुस्त करायची, ते त्या दिवशी पक्कं डोक्यात बसलं. साहेब, आपण तेव्हा मला ओरडला असता तर चूक लक्षात राहिली असती. आपण शिकवलंत म्हणून काम लक्षात राहिलं."

यात हशा डब्याला आहे, साहेबांना नाही. आजींचं नाव, गाव, गट नंबर घेतलेला नाही. अर्जदाराची माहिती भाषणात येताच कामा नये. आणखी एक पाहा: प्रसंग सांगताना बोलणं सभागृहाशी आहे म्हणून "साहेबांनी". शेवटी वक्ता साहेबांकडे वळतो आणि "आपण" म्हणतो. अनेकांच्या भाषणात तुम्ही, ते, आपण यांची सरमिसळ होते. वळायची जागा एकच ठेवा आणि तिथे कागदावरून नजर उचला.

बदलीच्या कारणाबद्दल चकार शब्द काढू नये. तीन वर्षं पूर्ण होण्याआधी बदली झाली असेल तर अधिकच जपावं. "अशा अधिकाऱ्याची बदली व्हायलाच नको होती" हे प्रेमानं म्हटलं तरी आदेशावर टीका ठरते. "असे साहेब पुन्हा मिळणार नाहीत" हे वाक्यही नको. नवे साहेब कदाचित शेजारच्याच खुर्चीवर असतील आणि उद्यापासून फायली त्यांच्याकडेच जाणार असतात. "आपण लावून दिलेल्या पद्धतीनं आम्ही काम चालू ठेवू" एवढं दोघांनाही चालतं.

वेळ तीन मिनिटं धरा. व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं पुन्हा घेऊ नका. "सन्माननीय व्यासपीठ आणि माझ्या सहकाऱ्यांनो" पुरे. आधीच्या वक्त्यानं तुमचाच किस्सा सांगून टाकला, तर तो परत सांगू नये. "तो प्रसंग आत्ताच आपण ऐकला, त्यात वाचणारा मी होतो" एवढं म्हणून थेट शिकलेल्या गोष्टीवर यावं. गळा दाटून आला तर थांबून पाणी प्यावं आणि मधलं सोडून शुभेच्छांचं वाक्य घ्यावं. ते एक वाक्य तेवढं पाठ असू द्या.