अभंग लिहा, पण आपल्या तोंडच्या भाषेत

अक्षरांचं माप आधी ठरवून टाका. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण: पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी. जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. मात्र बोलताना गिळलेला शेवटचा ‘अ’ इथे पूर्ण मोजला जातो. ‘थेंब’ म्हणजे दोन अक्षरं, कारण गाताना ‘ब’ही लांबवला जातो. चार कडवी पुरे.

मग काय सांगायचं ते देवाला उद्देशून साध्या गद्यात लिहा. वडील इस्पितळात होते तेव्हा मी लिहिलं होतं, ‘देवा, बाबांच्या उशाशी रात्रभर जागा होतो, पण तुझं नाव एकदाही घेतलं नाही. सलाइनचे थेंब मोजत बसलो.’ हे वाक्य खोडू नका, शेवटपर्यंत समोर ठेवा.

खरी अडचण यापुढे येते, आणि माझी कित्येक वर्षं तिथेच गेली. ‘जुने गाथे वाचा, शब्द आपोआप येतील’ असा सल्ला सगळे देतात. शब्द येतात, पण ते गाथेतलेच येतात. त्यात भक्ती कमी पडते असं नाही. घोळ मोजमापाचा आहे. ‘उभा विटेवरी’ मोजा: सहा. ‘कर कटावरी’: सहा. ‘पांडुरंगा’: नेमकी चार, म्हणजे शेवटच्या चरणाएवढी. शेकडो वर्षं याच मापात घासून हे शब्द बसलेले आहेत, त्यामुळे जागा रिकामी दिसली की हात तिकडेच जातो.

माझं पहिलं कडवं असं झालं होतं:

बाबांच्या उशाशी । जागा रात्रभर ।
डोळे थेंबांवर । पांडुरंगा ॥

कानाला गोड लागलं म्हणून मी ते महिनाभर तसंच ठेवलं. मग ‘पांडुरंगा’वर बोट ठेवून वाचलं. अर्थ तसूभरही कमी झाला नाही, उलट डोळ्यांचं काय झालं ते सांगायचंच राहून गेलं होतं. तिथे ‘खिळलेले’ आलं आणि कडवं उभं राहिलं. देवाचं नाव भरतीला वापरू नका. हाक मारायची असेल तर खरोखर मारा, अक्षरं कमी पडली म्हणून नको.

दुसऱ्या कडव्यात ‘मुखी नाम नाही’ सुचलं. सहा अक्षरं, चोख. पण बहिणीला फोनवर मी ‘मुखी’ म्हणालो असतो का? नाही. ‘ओठावर तुझं नाव आलं नाही’ असं म्हणालो असतो. प्रत्येक ओळीला हीच कसोटी लावा. ‘ठेवोनिया’, ‘माझिया’, ‘तुझिये’ ही रूपं तर हटकून अक्षर वाढवायला येतात. ती दिसली की समजा, वाक्य चुकीच्या जागी तोडलंय. रूप ताणण्यापेक्षा गद्य वाक्याकडे परत जा आणि दुसरीकडे तोडून बघा. शब्दांची जागा बदलायला हरकत नाही, पण बोलताना आपण जोर देण्यासाठी बदलतो तेवढीच. ‘नाव नाही आले’ चालतं.

यमकासाठीही तसंच. तिसरा चरण सुचत नसेल तर दुसरा बदला. ‘पहाटे बाबांनी उघडले डोळे’ यातल्या ‘डोळे’ला माझ्याकडे खरं काही जुळत नव्हतं. त्या पहाटे बाबांनी पाणीही मागितलं होतं हे आठवलं आणि गाठ सुटली. प्रसंगात शोधा, यमकांच्या यादीत नको.

दुसरं कडवं भजनात ध्रुपद म्हणून पुन्हा पुन्हा म्हटलं जातं, तेव्हा ते एकटं म्हटलं तरी कळलं पाहिजे.

शेवटी ‘तुका म्हणे’ उसनं घेऊ नका, आणि आपलं नाव घालून ‘अमुक म्हणे’ही करू नका. ती त्या संतांची सही आहे. अख्खा अभंग तुम्हीच बोलताय, वेगळं ‘म्हणे’ कशाला?

माझा असा झाला:

बाबांच्या उशाशी । जागा रात्रभर ।
डोळे थेंबांवर । खिळलेले ॥

ओठावर तुझे । नाव नाही आले ।
मोजणेच चाले । एक, दोन ॥

पहाटे बाबांनी । मागितले पाणी ।
संपली गाऱ्हाणी । तुझ्यापाशी ॥

मोजलेले थेंब । जप समजून ।
तूही घे मोजून । एक, दोन ॥

तिसऱ्या कडव्यातली ‘गाऱ्हाणी’ मला अजून खटकतात. आधी कुठेच गाऱ्हाणं आलेलं नाही, यमकानेच ती आणली आहेत. लिहून झाल्यावर टाळी वाजवत मोठ्याने म्हणा. जिथे जीभ अडखळेल तिथे बहुधा एक अक्षर जास्त असतं.